चुनखडी किती तापली की चुना व्हायला लागते? ΔH, ΔS आणि तापमानाचा हिशोब

आमच्याकडे दिवाळीच्या आधी भिंतींना चुना मारायचे, तेव्हा बाबा बाजारातून कळीचा चुना आणायचे आणि अंगणात एका पत्र्याच्या जुन्या डब्यात पाणी घेऊन त्यात एकेक ढेकूळ टाकायचे. पहिले दोनचार सेकंद काहीच व्हायचं नाही, मग ढेकूळ चर्रर्र आवाज करत तडकायचं, वाफ यायची आणि खाली जाळ नाही काही नाही तरी पाणी रटरट उकळायला लागायचं. आम्हाला लांब उभं करायचे कारण एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि सगळं शांत झाल्यावर तळाशी नेहमी चारपाच दगड उरायचे जे फुटायचे नाहीत, ते बाबा काठीने बाहेर काढून टाकायचे आणि म्हणायचे, कच्चा भाजलाय.

आता मी अकरावी बारावीला केमिस्ट्री शिकवते आणि ΔG चा धडा आला की मला तो डबाच आठवतो. मुलांना ΔG = ΔH − TΔS हा फॉर्म्युला पाठ असतो, गणितही येतं, पण त्या T चं तिथे काय काम आहे असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून हा सगळा विषय मी चुन्यावरच सांगते, कारण चुन्यात सगळं आहे.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड.

```
CaCO3(s) → CaO(s) + CO2(g)
```

चुनखडीचा डोंगर लाखो वर्षं उन्हात पडून असतो, त्याचा आपोआप चुना होत नाही. भट्टीत घातला की होतो. म्हणजे हीच रिॲक्शन एका तापमानाला स्पॉन्टेनियस नाही आणि दुसऱ्या तापमानाला आहे. स्पॉन्टेनियस याचा अर्थ इथे एवढाच की रिॲक्शनचा कल त्या दिशेला आहे, ती पटकन होईल असं नाही, यावर पुढे येतेच.

आधी दोन आकडे काढू. पहिला ΔH, म्हणजे रिॲक्शन उष्णता घेते की देते. पुस्तकाच्या मागे टेबल असतं, त्यात २५ अंश सेल्सिअसला चुनखडीची तयार होण्याची एन्थाल्पी −१२०६.९, कळीच्या चुन्याची −६३५.१ आणि कार्बन डायऑक्साइडची −३९३.५ किलोज्यूल प्रति मोल दिलेली असते. जे तयार झालं त्याची बेरीज करायची आणि जे संपलं ते वजा करायचं.

```
ΔH = (−635.1 − 393.5) − (−1206.9) = +178.3 kJ
```

उत्तर प्लस आलं, म्हणजे एक मोल, साधारण १०० ग्रॅम चुनखडी फोडायला १७८.३ किलोज्यूल उष्णता बाहेरून द्यावी लागते. भट्टीत कोळसा का जाळतात ते इथेच दिसतं, नुसतं दगड गरम करायला नाही तर तो फोडायलाही उष्णता लागते.

दुसरा आकडा ΔS, एन्ट्रॉपीतला बदल. एन्ट्रॉपीला सगळे अव्यवस्था म्हणतात, मला तो शब्द फारसा आवडत नाही, मी म्हणते ऊर्जा आणि कण किती तऱ्हांनी पसरू शकतात त्याचं माप. घट्ट दगडात अडकलेला कार्बन डायऑक्साइड सुटून वायू झाला की त्याला पसरायला अख्खं आकाश मिळतं, त्यामुळे एन्ट्रॉपी वाढणार हे गणित न करताच कळतं. आकडे बघा, चुनखडी ९२.९, चुना ३९.८ आणि कार्बन डायऑक्साइड एकटा २१३.७ ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल.

```
ΔS = (39.8 + 213.7) − 92.9 = +160.6 J/K
```

जवळजवळ सगळी वाढ त्या वायूची आहे. कुठलीही रिॲक्शन समोर आली की आधी डावीकडे किती मोल वायू आणि उजवीकडे किती ते मोजा, दहातल्या नऊ वेळा ΔS ची खूण तिथेच कळते.

आता मुख्य गोष्ट. रिॲक्शन आपोआप व्हायची तर एकूण एन्ट्रॉपी वाढली पाहिजे, आणि एकूण म्हणजे रिॲक्शनची अधिक तिच्या भोवतालची, दोन्ही धरून. इथेच बहुतेकांची गाडी अडकते. चुनखडी फुटताना तिची स्वतःची एन्ट्रॉपी १६०.६ ने वाढते हे खरं, पण ती भोवतालातून १७८.३ किलोज्यूल ओढून घेते, आणि उष्णता गेली की भोवतालची एन्ट्रॉपी कमी होते. किती कमी? गेलेली उष्णता भागिले तापमान, एवढी.

हा भागाकार का, ते असं समजून घ्या. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाच्या खिशातून शंभर रुपये गेले तर त्या दिवसाचं त्याचं सगळं गणित कोलमडतं, तेच शंभर रुपये मोठ्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून गेले तर त्याला पत्ताही लागत नाही. थंड भोवताल म्हणजे तो रोजंदारीवाला, त्याच्याकडे उष्णतेची चणचण आहे, तिथून १७८.३ किलोज्यूल काढले तर मोठा फरक पडतो. तापलेली भट्टी म्हणजे भरलेला गल्ला. उष्णता तेवढीच घेतली पण झळ कमी बसली.

आकडे घालून बघू. ३०० केल्विनला, म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेत, भोवतालचं नुकसान १७८३०० भागिले ३००, म्हणजे ५९४ ज्यूल प्रति केल्विन. फायदा फक्त १६०.६. व्यवहार चक्क ४३४ ने तोट्यात, म्हणून डोंगर जागेवर आहे. आता १२०० केल्विनला करा, १७८३०० भागिले १२०० म्हणजे १४८.६. फायदा तोच १६०.६. आता १२ ने फायदा आहे. चुनखडी तीच आणि उष्णताही तेवढीच, फक्त भोवताल श्रीमंत झाला आणि पारडं फिरलं.

गिब्जने १८७० च्या दशकात हाच हिशोब अशा रूपात मांडला की भोवतालकडे वेगळं बघायलाच नको. वरच्या दोन्ही बाजूंना T ने गुणलं आणि खूण उलटी केली की झालं:

```
ΔG = ΔH − TΔS
```

ΔG मायनस आला तर रिॲक्शनचा कल पुढे, प्लस आला तर मागे आणि शून्य आला तर दोन्ही बाजू तोलून आहेत. म्हणजे T तिथे उगाच चिकटवलेला नाही, तो सांगतो की या तापमानाला एन्ट्रॉपीचं म्हणणं एन्थाल्पीपुढे किती चालणार. थंडीत ΔH चं चालतं, तापमान चढत गेलं की TΔS चा आवाज वाढत जातो.

हे एकदा डोक्यात बसलं की चार खुणांचं ते टेबल पाठ करायची गरज राहत नाही. ΔH मायनस आणि ΔS प्लस असेल तर दोघंही एकाच बाजूला ओढतात, तापमान काहीही असो, हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होणं हे असलं आहे. याच्या उलट, ΔH प्लस आणि ΔS मायनस, म्हणजे साध्या ऑक्सिजनचा ओझोन होणं, तो नुसतं तापवून कधीच फायद्यात येत नाही, वातावरणात त्याला अल्ट्राव्हायोलेट किरणांची ऊर्जा मिळते म्हणून तो बनतो. या दोन्ही प्रकारांत पारडं फिरण्याचं तापमान नसतंच, आणि तरी मुलं भागाकार करून मायनस केल्विन उत्तर काढतात आणि तसंच लिहून मोकळी होतात. मायनस केल्विन आलं की समजायचं, इथे प्रश्नच लागू नाही. पारडं फक्त तेव्हाच फिरतं जेव्हा दोन्ही खुणा सारख्या असतात. दोन्ही प्लस असतील तर वरच्या तापमानाला रिॲक्शन जाते, दोन्ही मायनस असतील तर खालच्या.

चुनखडीत दोन्ही प्लस आहेत. कुठे फिरतं ते काढायला ΔG शून्य धरा:

```
T = ΔH / ΔS = 178300 J / 160.6 J/K = 1110 K
1110 − 273 = 837 °C
```

इथे एक चूक मी दरवर्षी किमान दहा वह्यांत बघते. ΔH किलोज्यूलमध्ये असतो आणि ΔS ज्यूलमध्ये, आणि मुलं सरळ १७८.३ भागिले १६०.६ करतात, उत्तर येतं १.१ केल्विन. म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसला चुनखडीचा चुना होतो! उत्तर आलं की एकदा डोंगराकडे बघायचं, तो उभा आहे ना, मग हे उत्तर चूक आहे. दुसरी चूक म्हणजे T च्या जागी सेल्सिअस घालणं. २५ घातलं तर TΔS येतो ४ किलोज्यूल आणि २९८ घातलं तर ४७.९, खूण नशिबाने प्लसच राहते पण आकडा पार चुकलेला असतो. बरोबर आकडा असा, १७८.३ वजा ४७.९, म्हणजे २५ अंशाला ΔG प्लस १३०.४ किलोज्यूल.

आता खरं तर इथे धडा संपतो, पण ८३७ हा आकडा भट्टीवाल्याला सांगितला तर तो मान हलवेल. प्रत्यक्षात जो आकडा मोजून मिळतो तो ९०० अंशाच्या जरा खाली आहे. मग आपलं पन्नासेक अंशांनी चुकलं कुठे? आपण ΔH आणि ΔS २५ अंशाचे घेतले आणि ते ८०० अंशालाही तेच राहतील असं धरून चाललो. ते राहत नाहीत, थोडे थोडे बदलतात, कारण चुनखडी आणि तिच्यातून निघालेले दोन पदार्थ तापताना सारखीच उष्णता पीत नाहीत. इथे दोन्ही आकडे थोडे कमी होतात पण ΔS जरा जास्त कमी होतो, म्हणून भागाकार वर सरकतो. साध्या भागाकाराला मी म्हणूनच अंदाज म्हणते, चांगला अंदाज, पण अंदाज. फिरण्याचं तापमान २५ अंशाच्या जितकं जवळ तितका भरवसा जास्त.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे आणि ती परीक्षेत सहसा कोणी विचारत नाही. टेबलातले आकडे स्टँडर्ड परिस्थितीचे असतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा दाब १ बार धरलेला. म्हणजे ८३७ अंशाचा नेमका अर्थ असा, की दगडाभोवती सगळा निव्वळ कार्बन डायऑक्साइड असेल, १ बार दाबाने, तरीसुद्धा दगड त्याच्या विरुद्ध आणखी वायू बाहेर ढकलू शकतो. पण आपल्या हवेत तो फार थोडा असतो, दहा लाखांत साधारण ४२० भाग, म्हणजे ०.०००४२ बार. पातळ वायूला पसरायला जास्त जागा, म्हणजे त्याची एन्ट्रॉपी जास्त, म्हणजे दगडाला सुटणं सोपं. हिशोबात हे असं येतं, P म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा बारमधला दाब आणि R म्हणजे वायूंचा स्थिरांक:

```
T = ΔH / (ΔS − R ln P)
R ln P = 8.314 × ln(0.00042) = −64.6 J/K
T = 178300 / (160.6 + 64.6) = 792 K ≈ 519 °C
```

बघा, तीनशे अंशांपेक्षा जास्त फरक, आणि दगड तोच! म्हणून कोणी नुसतं विचारलं की चुनखडी किती अंशाला फुटते, तर मी उलट विचारते, भोवती कार्बन डायऑक्साइड किती आहे? ते तापमान म्हणजे बटण नाही की अलीकडे बंद आणि पलीकडे चालू. प्रत्येक तापमानाला दगडाचा स्वतःचा एक दाब असतो, बाहेरचा दाब त्यापेक्षा कमी असेल तर दगड फुटत राहतो, जास्त असेल तर उलट चुनाच वायू शोषून पुन्हा चुनखडी होतो. बंद डब्यात तापवलं तर थोडा वायू सुटून दाब तेवढा झाला की थांबतं, बाकीचा दगड तसाच राहतो. भट्टीला वरून धूर जायला वाट आणि खालून हवा यायला वाट का ठेवतात, त्याचं एक कारण कोळसा पेटता राहावा हे आणि दुसरं हे, सुटलेला वायू वाहून न्यायचा.

मग ५२० अंशाला उघड्यावर भाजून कोळसा का वाचवत नाहीत? कारण कल असणं आणि वेग असणं या दोन वेगळ्या गोष्टी. ५२० ला ΔG मायनसच्या काठावर आलेला असतो, पण कण इतके सावकाश सुटतात की भट्टीवाल्याचं आयुष्य जाईल. ΔG वेगाबद्दल एक अक्षर बोलत नाही. म्हणून भट्ट्या ९०० च्या वर, कधी हजाराच्याही पुढे चालवतात. पण फार जास्त तापवूनही चालत नाही, चुन्याची बारीक छिद्रं बुजून तो घट्ट होतो आणि मग पाण्यात टाकला तरी मंद पडून राहतो.

आता परत डब्याकडे येऊ, तिथे उलट बाजू दिसते. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की भिजलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतो, आणि एका मोलला ६५.२ किलोज्यूल उष्णता सुटते. ΔS इथे मायनस आहे, उणे २६.३, कारण मोकळं पाणी घन पदार्थात बांधलं गेलं. दोन्ही मायनस, म्हणजे कुठेतरी वरच्या तापमानाला हे उलटणार. भागाकार केला तर ६५२०० भागिले २६.३, साधारण २४८० केल्विन. आणि हे उत्तर साफ चूक आहे, गणित बरोबर असूनही. का ते विचारल्यावर वर्गात एखादीच मुलगी सांगते, की मॅडम, २४८० केल्विनला पाणी पाणी राहतंय कुठे? अगदी बरोबर. १०० अंशाला पाण्याची वाफ झाली, आता टेबलातून वाफेचे आकडे घ्यायचे.

```
ΔH = −109.2 kJ,  ΔS = −145.2 J/K
T = 109200 / 145.2 = 752 K ≈ 479 °C
```

दोन हजार चारशेवरून थेट साडेसातशेवर. मोजलेला आकडा पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे हा अंदाज चांगलाच जवळ आला. तेव्हा T काढून झालं की एकदा विचारायचं, या तापमानाला आपले सगळे पदार्थ आपण धरलेल्या अवस्थेतच आहेत का? मधे काही वितळलं किंवा उकळलं असेल तर आकडे बदलून पुन्हा करायचं.

आणि तिसरा टप्पा आमच्या आजीच्या पानाच्या डब्यात व्हायचा. चुन्याची डबी उघडी राहिली की दुसऱ्या दिवशी वर पापुद्रा आलेला असायचा, आजी तो नखाने बाजूला करून खालचा मऊ चुना घ्यायची. तो पापुद्रा म्हणजे चुनखडीच, हवेतला कार्बन डायऑक्साइड परत येऊन बसला. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ केली होती ना, तेच हे. जुन्या वाड्यांच्या चुन्यातल्या भिंती वर्षानुवर्षं घट्ट होत जातात त्या यानेच. २५ अंशाला दगड फुटण्याच्या रिॲक्शनचा ΔG प्लस १३०.४ होता, तर चुन्याने वायू परत घेण्याचा उणे १३०.४, म्हणजे नेहमीच्या हवेत चुन्याचा कल कायम परत दगड होण्याकडे आहे. पापुद्र्याची उष्णता मोलला ११३.१ किलोज्यूल, ती इतकी सावकाश सुटते की जाणवत नाही. ती आणि डब्यातल्या पाण्याला उकळी आणणारी ६५.२, दोन्हींची बेरीज करून बघा, १७८.३. भट्टीत दगड फोडायला जेवढी उष्णता घातली होती तेवढीच, दोन हप्त्यांत परत.

राहिले ते डब्याच्या तळाचे दगड. मोठ्या ढेकळाची बाहेरची बाजू आधी फुटते, आणि आतल्या गाभ्याला दोन अडचणी येतात. एक, बाहेरून आत जाणारी उष्णता वाटेतल्या थरांतच फुटण्यासाठी खर्ची पडते, त्यामुळे गाभा बराच वेळ मागे राहतो. दोन, आत सुटलेल्या वायूला छिद्रांतून बाहेर यायला वेळ लागतो, तो आत साचतो, आणि साचलेल्या वायूत दाब १ बारच्या घरात गेला की ५२० नाही, जवळजवळ ९०० अंशच लागतात. बाहेर धुरात वायू पातळ, आत दाट, एकाच ढेकळात दोन वेगळी फिरण्याची तापमानं. भट्टी लवकर उतरवली की गाभा चुनखडीच राहतो.

तो गाभाच आहे का ते ओळखणं सोपं आहे. दगड आधी धुऊन वरचा चुना काढून टाकायचा आणि मग लिंबू पिळायचं, चुनखडी असेल तर बारीक बुडबुडे येतात, नुसता चुना असेल तर येत नाहीत. वजनावरूनही कळतं, १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर ५६ ग्रॅम चुना उरतो आणि ४४ ग्रॅम वायू जातो, म्हणून पक्का भाजलेला ढेकूळ हातात घेतला की आकाराच्या मानाने हलका लागतो आणि कच्चा जड. बाबा पोत्यातला चुना घेताना दोन ढेकळं दोन्ही हातांत तोलून बघायचे, ते यासाठीच.